तळ्याकाठ, एवढंच ऐकू आलं

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टॅक्सीचं बुकिंग ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं ते एक टेबल, एक बाकडं, भिंतीवर घड्याळ आणि टेबलावर फोन. फोनला छोटीशी काच आहे, त्यात समोरच्याचा नंबर उमटतो. खोली मी भाड्याने दिली तेव्हा वाटलं होतं, दिवसभर ड्रायव्हर लोकांची ये-जा, नको गं बाई. आता अशी सवय झालीय की रविवारी फोन कमी वाजले तर मलाच चुकल्यासारखं होतं.

फोनवर बसते तिला सगळे फोनवालीच म्हणतात. तिला तिचं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघेल की नाही, शंका आहे. वय पंचेचाळीस, अंगाने बारीक, आवाज मात्र भारदस्त. नुसता आवाज ऐकून गिऱ्हाईकं म्हणतात, मॅडमना द्या. पूर्वी ती एका मोठ्या दवाखान्यात फोन जोडून द्यायच्या कामावर होती. अठरा वर्षं. तिथे नवीन यंत्र आलं, आपोआप जोडणारं, आणि ही घरी आली. घरी आईचं दुखणं आणि भावाचा संसार. सहा महिने तिने भांडी घासली, मग एक दिवस आमच्या दारात येऊन उभी राहिली. टॅक्सीवाल्या मालकाने विचारलं, या कामातलं काय येतं? ती म्हणाली, "काही नाही. पण लोक फोनवर अर्धवट बोलतात, ते मला पूर्ण करता येतं."

मालकाला त्यातलं काही कळलं नाही. मलाही नाही. पण बाईने पहिल्याच आठवड्यात रजिस्टरला नवे रकाने आखले. वेळ, नंबर, कुठून, कुठे, कुणाची गाडी. पूर्वीच्या रजिस्टरात नुसतं "बाजार, एक गाडी" असं लिहिलेलं असायचं. बाजारातून की बाजारात, ते ड्रायव्हरने अंदाजाने ओळखायचं.

ड्रायव्हर लोकांनी आधी तिची टर उडवली. लंबू तर सगळ्यात पुढे. लंबू म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण ड्रायव्हर, दारातून येताना वाकायची सवय लागलेला. तो म्हणायचा, "ताई, गिऱ्हाईकाने जागा सांगितली की गाडी सुटली पाहिजे. तुम्ही परीक्षा घेत बसता."

"तू सुटतोस रे," ही म्हणायची, "पण पोचतोस कुठे?"

तिची एक पद्धत मला फार चमत्कारिक वाटायची. बोलता बोलता फोन तुटला की ही लगेच लावायची नाही. रिसीव्हर ठेवायची, काचेतला नंबर रजिस्टरात उतरवायची, आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत हाताची घडी घालून बसायची. पूर्ण एक मिनिट. मला वाटायचं, हिच्या अंगात काही घाईच नाही. एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, लाव की. बिचारं माणूस वाट बघत असेल." तर म्हणाली, "वाट नाही बघत आजी, तेही लावत असतं." मी मान हलवली आणि विसरून गेले. म्हाताऱ्या माणसाचं हेच बरं असतं, मान हलवली की लोकांना वाटतं समजलं.

ते मला समजलं त्या मंगळवारी.

दुपारचे साडेबारा होत आले होते. फोनवाली सकाळपासून दाढ धरून बसली होती. समोरच्या दातवाल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साडेबाराला या, दहा मिनिटांचं काम आहे. तिने मला खुर्चीवर बसवलं. "आजी, फोन आला तर एवढंच विचारा, कुठून हवी. मग कुठे जायचं. लिहून ठेवा. मी आलेच." बाकड्यावर लंबू होता आणि मिशीवाले होते. मिशीवाले म्हणजे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, मिशांवरून पडलेलं नाव. नंबर लंबूचा होता, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक त्याचं.

ती रस्ता ओलांडून जिना चढली असेल नसेल, फोन वाजला.

मी उचलला. "टॅक्सी ऑफिस," म्हटलं, अगदी तिच्यासारखं भारदस्त. पलीकडे मागे कसली तरी घरघर चालू होती, यंत्राची. एक बाई धापा टाकत बोलली. "टॅक्सी, लवकर, तळ्याकाठ..." आणि तुटला.

तिच्या आवाजात असं काही होतं की मला थांबवेना. आता मला सांगा, विचारायचं कुणाला? मी वळले आणि लंबूला म्हटलं, "तळ्याकाठ. पळ."

"तळ्याकाठी कुठे आजी?"

"तू पळ तर आधी. चौकात उभा राहा, तोवर मी विचारते."

लंबूला तेवढंच हवं होतं. किल्ली फिरवत गेला. आणि मी काचेतला नंबर बघत फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी थांबले नाही. मिशीवाले म्हणाले, "आजी, जरा दम घ्या." मी म्हटलं, "ती तिकडे मरतेय आणि मी दम घेऊ?" सहाव्या वेळी मात्र एंगेजचा आवाज आला नाही. एक बाई गोड आवाजात सांगत होती की आपण संपर्क करत असलेला फोन बंद आहे.

मी अगदी हायसं वाटल्यासारखी बसले, कारण त्या बाईचा आवाज शांत होता. एवढी माझी अक्कल.

दातवाल्याकडची दहा मिनिटं संपवून फोनवाली आली. गालात कापसाचा बोळा. माझ्या हातातला रिसीव्हर बघितला, माझं तोंड बघितलं. मी सगळं सांगितलं. तिने माझ्या हातातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला, बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि विचारलं, "किती वेळा लावलात?"

"पाच-सहा."

"मध्ये थांबला होतात?"

"नाही गं. एकसारखा लावत होते."

तिने डोळे मिटले. क्षणभरच. मग म्हणाली, "आजी, ती पण लावत होती. तुम्ही तिला लावताय म्हणून तिला इथला फोन एंगेज, आणि ती इथे लावतेय म्हणून तुम्हाला तिचा एंगेज. तिच्या मोबाईलमध्ये जेवढा जीव होता तेवढा त्यात गेला."

मला कुणी तोंडावर पाणी फेकल्यासारखं झालं. मी एवढी धडपड केली, आणि तिची वाट मीच अडवून बसले होते. मी तिच्यासाठी खुर्ची रिकामी केली. मिशीवाल्यांनी मला धरून बाकड्यावर बसवलं.

फोनवाली कामाला लागली होती. काचेतला नंबर कागदावर लिहिला आणि रजिस्टरची मागची पानं उलटायला लागली. नंबराचे शेवटचे चार आकडे पुटपुटत बोट खाली खाली नेत होती. मी विचारलं, "आता काय शोधतेस? तळ्याकाठ म्हणाली ना ती. लंबू पोचेल इतक्यात."

"तळ्याकाठहून म्हणाली की तळ्याकाठी?"

"नुसतं तळ्याकाठ," मी म्हटलं.

"नुसतं तळ्याकाठ म्हणाली. घाबरलेलं माणूस आधी कुठे जायचंय ते सांगतं आजी. कुठे उभं आहे ते त्याला माहीतच असतं, त्याला वाटतं आपल्यालाही माहीत आहे." बोट थांबलं. "हा नंबर. दोन महिन्यांपूर्वी. कुठून, तळ्याकाठ. कुठे, दवाखाना." पुढे उलटलं. "आणि हा परत. गेल्या महिन्यात. कुठून, कपड्यांचा कारखाना, मागचं फाटक. कुठे, तळ्याकाठ."

मिशीवाले म्हणाले, "म्हणजे दोन्हीही असू शकतं."

"असू शकतं. आजी, मागे कसला आवाज होता का?"

"घरघर. यंत्रासारखी."

तिने मिनिटभरही घालवलं नाही. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता, तो मोबाईल बंदच होता. कारखान्याच्या मागच्या फाटकाचा नंबर तिच्याकडे होता, कारण गाडी आत सोडायला तिथल्या वॉचमनला विचारावं लागतं. तिने तो लावला. एकदाच. वाजू दिला. मला तोवर दहा वेळा ठेवून पुन्हा लावावासा वाटला असता.

वॉचमनने उचलला. आवाज खणखणीत, आम्हाला बाकड्यावर ऐकू येत होता.

"टॅक्सी ऑफिसातून बोलतेय दादा. आत्ता कुणी गाडी मागवत होतं का तुमच्याकडून?"

ती तळ्याकाठ म्हणाली नाही. बाई म्हणाली नाही. मी नंतर विचारलं, का नाही म्हणालीस? तर म्हणाली, आपण सांगितलं की समोरचा नुसतं हो म्हणतो. त्याच्याकडून यायला पाहिजे.

"अहो, एक बाई इथे जीव टाकतेय," वॉचमन म्हणाला. "मोबाईल बंद पडलाय म्हणे. रस्त्यावर पळत निघाली होती, मीच थांबवलं. इथून काही मिळत नाही या वेळेला."

फोनवालीने मान नुसती वळवली. मिशीवाले उठलेच होते. "मागचं फाटक," ती म्हणाली, आणि ते गेले. आमच्या ऑफिसापासून कारखाना जवळ, आठ मिनिटं. तळ्याकाठ मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी लंबूला पाठवलं होतं बरोबर उलट्या दिशेला.

"दादा, गाडी निघाली. बाईंना फोनवर द्या."

बाई फोनवर आली आणि बोलेना, नुसती रडत होती. फोनवालीचा आवाज इतका साधा झाला की मला वाटलं दुसरीच कुणी बोलतेय. "ताई, गाडी निघाली आहे. आठ मिनिटांत फाटकावर. कुठे जायचंय?"

"तळ्याकाठ. माझे बाबा आहेत घरात."

"काय झालंय?"

आणि त्या बाईने सांगितलं. ती त्या कारखान्यात कपड्यांना इस्त्री करते. बारा ते आठची पाळी. घरी वडील, डावी बाजू गेलेली, खाटेवरून उठता येत नाही. सकाळी तिने त्यांचे कपडे खाटेवर पायथ्याशीच इस्त्री केले, कारण घरात दुसरी जागाच नाही. मग बस चुकेल म्हणून बाहेरून कुलूप लावून पळाली. आणि कारखान्यात टेबलापाशी उभी राहून गरम इस्त्री हातात घेतली, तेव्हा तिला आठवलं की घरच्या इस्त्रीचं बटण बंद केल्याचं काही आठवत नाही. इस्त्री उभी ठेवली होती की आडवी, तेही आठवत नाही. टेबलापाशी रेंज नाही. पहिला फोन तिथूनच तुटला. बाहेर येऊन पुन्हा लावत राहिली तर आमचा एंगेज.

मी बाकड्याची कड घट्ट धरली. ती एंगेज म्हणाली तेव्हा फोनवालीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

"घराला शेजारी कोण?"

"दोन्ही बाजूंची माणसं कामाला जातात. आत्ता गल्लीत कुणी नसेल."

"घर सांगा. खूण सांगा."

"पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, तिसरं दार. निळं."

"ताई, आमची एक गाडी तळ्याकाठच्या चौकात आहे. माझा माणूस कुलूप तोडेल. चालेल?"

पलीकडून बाईचा हो कसा आला ते मी सांगू शकत नाही.

"फोन ठेवू नका. वॉचमनदादांना म्हणावं, स्वतःच्या मोबाईलवरून अग्निशमन दलाला हाच पत्ता द्या. टाकीच्या मागची गल्ली, तिसरं निळं दार, आत माणूस आहे, उठता येत नाही. हे शेवटचं नक्की सांगा."

मग एका कानाला रिसीव्हर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने स्वतःच्या मोबाईलवरून लंबूला लावला. लंबू गाडी चालवताना फोन उचलत नाही, हा तिनेच घातलेला नियम. तेव्हा मला त्या नियमाचा राग आला. पण तो चौकात पोचून उभा होता. लगेच उचलला, आणि वर कुरकुर, "ताई, इथे कुणीच नाही. आजींनी मला उगाच..."

"लंबू, ऐक. पाण्याच्या टाकीच्या मागे गल्ली. तिसरं दार, निळं. बाहेरून कुलूप आहे. आत एक आजोबा आहेत, खाटेवर, आणि बहुतेक चालू इस्त्री. जॅकचा दांडा घेऊन जा. कुलूप तोड. फोन चालू ठेवून खिशात टाक."

लंबूने एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकरवर. पळण्याचा आवाज. कुत्रं भुंकलं. मग लंबूचा आवाज, लांबून आल्यासारखा, "ताई, दाराखालून धूर येतोय."

फोनवालीने रिसीव्हरवर हात ठेवला, पलीकडच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाढ नुकती उपटलेली, ओठांच्या कडेला रक्त, आणि डोळे त्या मोबाईलवर खिळलेले. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. पुन्हा. मी मोजत नव्हते, पण मला तो प्रत्येक ठोका छातीत बसत होता. मग लाकूड फाटल्यासारखा मोठा आवाज, आणि खोकला. दोन माणसांचा. एक तरुण, एक म्हातारा.

म्हातारा खोकला ऐकून मला रडू फुटलं.

लंबूने काय केलं ते त्याने नंतर सांगितलं. इस्त्री आडवी पडली होती. आजोबांच्या पायाच्या धक्क्याने की काय, कोण जाणे. खाटेच्या पायथ्याची गोधडी आतून धुमसत होती, ज्वाळा नव्हती, नुसता धूर, डोळे चुरचुरवणारा. आजोबा चांगल्या हाताने पांघरूण स्वतःच्या बाजूला ओढून धरत होते, धुमसणाऱ्या भागापासून लांब. लंबूने आधी इस्त्रीचा प्लग ओढला, मग आजोबांना पाठीवर घेतलं आणि बाहेर ओट्यावर आणून बसवलं. गोधडी अंगणात ओढून तिच्यावर पिंपातलं पाणी ओतलं. आजोबांच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना चटका बसला होता. बाकी काही नाही. अग्निशमनची गाडी आली तेव्हा आजोबा ओट्यावर बसून लंबूला झापत होते. ते सुतार होते आयुष्यभर. दार त्यांनीच केलं होतं.

हे आम्ही मोबाईलवर ऐकलं, म्हणून सांगते. "कुलूप तोडायला दांडा कशाला?" आजोबा म्हणत होते, बोलणं जरा जड, पण रागावलेलं. "कडीचे चार स्क्रू काढले असते तर चौकट फाटली नसती. हल्लीच्या पोरांना हत्यार धरता येत नाही."

"चुकलं आजोबा," लंबू म्हणाला. तो रडत होता, हे आवाजावरून कळत होतं. "पुढच्या वेळी स्क्रू काढतो."

फोनवालीने रिसीव्हरवरचा हात काढला. "ताई," ती म्हणाली, "बाबा बाहेर ओट्यावर बसलेत. पायाला थोडा चटका आहे. माझ्या माणसाला दारावरून बोलताहेत." पलीकडून जो आवाज आला त्याला हसणं म्हणावं की रडणं, मला ठरवता येत नाही. मग वॉचमन फोनवर आला आणि म्हणाला, गाडी आली, बाई बसली. तेव्हा कुठे फोनवालीने रिसीव्हर ठेवला.

तिने पेन उचललं. रजिस्टरात कुठून आणि कुठे दोन्ही रकाने भरले, वेळ लिहिली. मिशीवाल्यांचं नाव लिहिलं, आणि त्याखाली लंबूचं. मग उठून मागच्या मोरीकडे गेली. मी मागोमाग गेले तर ती भिंतीला हात टेकून ओकत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थरथरत होती, तापात थरथरतात तशी. मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की या बाईच्या अंगात घाई नाही. घाई सगळी आत होती, तिने ती कधी बोटापर्यंत येऊ दिली नव्हती.

पाणी दिलं. तिने चूळ भरली, रक्त आलं, पुन्हा भरली. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"गाडी तिथे होती म्हणून बरं झालं," मी हळूच म्हटलं. म्हणजे मीच पाठवली होती ना, तेवढंच आपलं मनाचं समाधान.

"आजी," ती म्हणाली, "गाडी तिथे होती हे नशीब. ती कारखान्यात नसती, आजारी माणूस घेऊन तळ्याकाठीच गाडीची वाट बघत असती, पण खालच्या पुलापाशी, आणि लंबू वरच्या चौकात, तर? आणि तुम्ही लावत बसला नसतात तर तिचा फोन लागला असता. दहा मिनिटं आधी. दहा मिनिटांपूर्वी त्या गोधडीला धूरही नसेल."

मी मान हलवली.

"मान नका हलवू," ती म्हणाली. "मघाशी तुम्हाला रागावले नाही, कारण वेळ नव्हता. आता आहे. या, बसा."

तिने मला बाकड्यावर बसवलं आणि रागावली. सत्तर वर्षांच्या बाईला, तिच्याच घरात, अर्धा तास. फोन तुटल्यावर कुणी कुणाला कधी लावायचं, पहिल्यांदा काय विचारायचं, काय स्वतः होऊन सांगायचं नाही, सगळं. माझा नवराही मला कधी इतकं बोलला नव्हता. मधेच मिशीवाले परतले, बाईला वडिलांजवळ सोडून. दारातच थबकले, माझी अवस्था बघून चपला हातात घेऊन परत बाहेर गेले. ती बोलत होती, बोलता बोलता तिचा आवाज फाटत होता, आणि मी तशीच बसून सगळं ऐकून घेतलं.